बारावीची इलेक्ट्रोकेमिस्ट्री एका पानात: १.२६ की ०.४६, आणि गिझरचा रॉड

शर्वरी_दांडियाबाजार

माझा भाचा बारावी सायन्सला आहे, गुजरात बोर्ड. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा अख्खा धडा त्याला एका पानात हवाय, परीक्षेच्या आदल्या रात्री उघडता येईल असा. मी बी.एस्सी. केलं त्याला बरीच वर्षं झाली, पण बसले करायला. आत्तापर्यंत पानावर एवढं आलंय:

```
E°सेल = E°कॅथोड − E°ॲनोड
E = E° − (0.0591/n) log Q
ΔG° = −nFE°
m = I·t·M / (n·F)     F = 96500
```

पहिल्या ओळीपुढे मी लाल शाईने लिहिलंय की दोन्ही आकडे रिडक्शनच्या टेबलमधून जसेच्या तसे घ्यायचे, चिन्ह आपण उलटं करायचं नाही, वजाबाकी ते काम करते. गंजाचा भाग अजून रिकामाच आहे.

गाडी अडली ती पहिल्याच उदाहरणावर. तांब्याची पट्टी चांदीच्या नायट्रेटमध्ये बुडवली: Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag. चांदीचं ०.८०, तांब्याचं ०.३४. चांदीचे दोन आयन आहेत म्हणून भाच्याने ०.८० ला दोनाने गुणलं आणि उत्तर काढलं १.२६. पुस्तकात आहे ०.४६. मी म्हटलं, गुणायचं नसतं. त्यावर तो म्हणतो, "मावशी, मग खाली ΔG काढताना n ने का गुणतो? तिथे चालतं आणि इथे नाही, असं का?"

नियम आहे म्हणून पाठ कर, असं सांगायचं जिवावर येतंय. कोणी नीट समजावून सांगेल का?

बुलेट_वाघोडिया

सोपं आहे ताई. दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन सारखे करून घेतले की ते कटतात, म्हणून गुणायची गरजच उरत नाही. पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: E° कधीच गुणायचं नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. मी याच एका ओळीवर बारावी आणि डिप्लोमा दोन्ही काढले.

निझामपुरा_आजोबा

सेलचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत सहा सेल आहेत, मेकॅनिक म्हणतो एक सेल बसला, आता पूर्ण बॅटरीच बदला. एक सेल बदलून मिळत नाही का? मांडवीत पूर्वी एक जण करून द्यायचा.

शर्वरी_दांडियाबाजार

आजोबा, हा सेल तोच, पण प्रश्न वेगळा आहे हो. त्याचा वेगळा धागा काढा ना, इथे भाचा आणखी गोंधळेल.

सेलहाऊस_निवृत्त

शर्वरीताई, भाच्याचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी रणोलीकडे क्लोर-अल्कली प्लांटच्या सेलहाऊसमध्ये नोकरी काढली. रोजचं कामच व्होल्ट आणि अँपिअर यांची गल्लत होऊ न देणं हे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्होल्ट म्हणजे एका कुलंबमागे मिळणारी ऊर्जा. चांदीचा एक आयन घ्या की दोन, एका कुलंबमागे मिळणारी ऊर्जा तेवढीच राहते. दोन आयन घेतले की एकूण ऊर्जा दुप्पट होते, पण वाहून गेलेला चार्जही दुप्पट होतो आणि भागाकार हलत नाही. ΔG ही मात्र एकूण ऊर्जा आहे, म्हणून ती गुणली जाते. दोन किलो वांगी घेतली म्हणून वांग्यांचा भाव दुप्पट होत नाही, बिल होतं. E° हा भाव आहे आणि ΔG हे बिल.

बुलेटभाऊंचा नियम पूर्ण सेलसाठी चालतो. पण "कधीच नाही, नुसती बेरीज" असं पानावर लिहू नका, कारण एका जागी तो दगा देतो. Fe³⁺ पासून Fe²⁺ होताना ०.७७ आणि Fe²⁺ पासून लोखंड होताना −०.४४ असं टेबलमध्ये आहे. आता Fe³⁺ पासून थेट लोखंडाचं किती, असं विचारलं तर नुसत्या बेरजेने ०.३३ येतं. खरं उत्तर −०.०४ आहे. म्हणजे नुसता आकडा नाही, चिन्हच उलटं! इथे पहिल्या पायरीत एक इलेक्ट्रॉन आहे, दुसरीत दोन आणि शेवटी तीन. भावांची बेरीज करून चालत नाही, बिलांची करावी लागते: १ × ०.७७ अधिक २ × (−०.४४), म्हणजे −०.११, आणि त्याला तीनाने भागायचं. इलेक्ट्रॉन पूर्ण कटले असतील तर वजाबाकी, उत्तरात इलेक्ट्रॉन शिल्लक राहणार असतील तर ΔG चा रस्ता. पानावर एवढी ओळ पुरे.

बुलेट_वाघोडिया

हे Fe³⁺ वालं आम्हाला परीक्षेत कधी आलं नव्हतं. पण ठीक, मान्य.

शर्वरी_दांडियाबाजार

काका, भाव आणि बिल लगेच उतरलं त्याच्या डोक्यात. १.२६ स्वतःच खोडलं.

दुसऱ्या ओळीचं एक उदाहरण मी केलंय, बघाल का? जस्त-तांब्याचा सेल, प्रमाण पोटेन्शियल १.१०. जस्ताचं द्रावण १ मोलर ठेवलं, तांब्याचं ०.०१. मग Q शंभर, त्याचा लॉग दोन, n सुद्धा दोन, म्हणून १.१० मधून ०.०५९ गेले आणि १.०४ राहिले. शंभर पट फरक करूनही एवढंसंच हललं, हे बघून भाचा नाराज झाला. त्याला वाटलं होतं सेल झोपेल.

सेलहाऊस_निवृत्त

बरोबर आहे. लॉग असल्यामुळे सेल शेवटपर्यंत तग धरतो आणि अगदी संपत आल्यावर कोसळतो. फक्त Q मध्ये वर काय आणि खाली काय हे पानावर लिहा. मुलं तिथेच उलटं करतात आणि उत्तर १.१० च्या वर नेऊन ठेवतात. तयार होणारा आयन वर, संपणारा खाली, घन धातू कुठेच नाही.

आता फॅरडेच्या ओळीबद्दल. आमच्याकडे नवीन पोरगा सेलहाऊसला आला की पहिल्या दिवशी त्याला एकच वाक्य सांगायचो: टन अँपिअरवर ठरतात, बिल व्होल्टवर ठरतं. मिठाच्या द्रावणातून क्लोरीन काढताना एका अँपिअर-तासाला १.३२ ग्रॅम क्लोरीन निघतो. सेल जुना असो, नवा असो, व्होल्ट जास्त लागो वा कमी, या आकड्याच्या वर कोणाचा बाप जाऊ शकत नाही. m = ItM/nF मध्ये व्होल्ट कुठे आहे, ते भाच्याला शोधायला सांगा. नाहीच आहे.

उलट व्होल्टचं बघा. क्लोरीनचं १.३६ आणि पाण्यातून हायड्रोजन निघण्याचं −०.८३, म्हणजे कागदावर २.१९ व्होल्टला काम व्हायला हवं. मेम्ब्रेन सेलला प्रत्यक्षात तीनच्या आसपास द्यावे लागतात. वरचे ०.८ द्रावणाच्या आणि मेम्ब्रेनच्या रोधात आणि इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर उष्णता होऊन जातात. सेलमागे ०.१ व्होल्ट वाढला की क्लोरीनच्या टनामागे ७५ युनिट वीज जास्त. त्यामुळे आमचे साहेब लोक व्होल्टमीटरकडे टक लावून बसायचे.

परीक्षेला हमखास येणारी एक गंमत इथेच आहे. टेबल बघितलं तर त्याच ॲनोडवर ऑक्सिजन आधी निघायला हवा, त्याला क्लोरीनपेक्षा कमी व्होल्ट लागतात. पण निघतो क्लोरीन. ऑक्सिजनची क्रिया मुळातच सुस्त आहे आणि तिला हलवायला वर बराच जादा व्होल्ट लागतो, तोवर क्लोरीन पुढे निघून जातो. द्रावण फारच पातळ केलं तर मात्र ऑक्सिजन डोकं वर काढतो. टेबल सांगतं काय होऊ शकतं. किती वेगाने होईल, हे टेबल सांगत नाही.

अनिकेत_मांजलपूर

वाचतोय, मजा येतेय. माझा विषय जरा बाजूचा आहे, पण अँपिअर-तास निघालेच आहेत तर विचारतो.

घरातला २५ लिटरचा गिझर सर्व्हिसला काढला. प्लंबरने खालची प्लेट उघडली तर मॅग्नेशियमचा रॉड म्हणतात तो रॉडच नाही! नुसती लोखंडी तार लोंबत होती, तिला पांढरी कणी चिकटलेली, आणि टाकीच्या तळाशी तसाच पांढरा गाळ. रावपुऱ्यात राहायचो तेव्हा याच कंपनीच्या गिझरचा रॉड चार-पाच वर्षं आरामात जायचा. मांजलपूरला सोसायटीत बोअरचं पाणी आहे, इथे दोन दिवाळ्यासुद्धा निघाल्या नाहीत. दुकानदार म्हणतो पाणी खराब आहे, दरवर्षी बदला. प्लंबर म्हणतो रॉडशिवाय पण चालतं, काढूनच टाका. ऐकू कोणाचं?

नवीन रॉड आणलाय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, तार वगळून मॅग्नेशियम साधारण १५० ग्रॅम भरेल.

सेलहाऊस_निवृत्त

प्लंबरचं अजिबात ऐकू नका. आणि शर्वरीताई, तुमच्या पानाचा रिकामा गंजाचा भाग या गिझरनेच भरा. पानावरची पहिली आणि शेवटची ओळ इथे एका जागी येतात.

गिझरची टाकी पोलादाची असते आणि आतून काचेसारखा मुलामा असतो. मुलाम्याला कुठे ना कुठे बारीक भेगा असतातच, आणि गरम पाणी तिथून पोलादाला लागतं. आता दोन धातू एका पाण्यात आहेत आणि धातूनेच एकमेकांना जोडलेले आहेत. लोखंडाचं −०.४४, मॅग्नेशियमचं −२.३७. वजाबाकी केली तर १.९३ व्होल्ट. मॅग्नेशियम ॲनोड होतं आणि विरघळतं, त्याचे इलेक्ट्रॉन रॉडच्या तारेतून टाकीत जातात आणि भेगेतल्या पोलादावर ऑक्सिजन ते उचलतो. पोलादाला स्वतःचे इलेक्ट्रॉन द्यावेच लागत नाहीत, म्हणून ते विरघळत नाही. रॉड काढला की तीच भेग स्वतः ॲनोड होते, आणि सगळा मार एका ठिपक्यावर येऊन टाकीला भोक पडतं.

आयुष्याचा हिशोब भाच्याला करू दे. मॅग्नेशियमचा अणुभार २४.३, n दोन, रॉड १५० ग्रॅम. प्रवाह १० मिलिअँपिअर धरायचा. हे गृहीत आहे बरं का, अनिकेतभाईंच्या गिझरचं माप नाही.

शर्वरी_दांडियाबाजार

भाच्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत:

"एक मोल मॅग्नेशियम म्हणजे दोन फॅरडे, १,९३,००० कुलंब. अँपिअर-तास हवेत म्हणून ३६०० ने भागलं, ५३.६ आले. ते २४.३ ग्रॅमसाठी, म्हणून एका ग्रॅमला २.२. दीडशे ग्रॅमला ३३० अँपिअर-तास. ०.०१ अँपिअरने भागलं तर ३३,००० तास, म्हणजे पावणेचार वर्षं. मग अनिकेतकाकांचा दोन वर्षांच्या आत कसा संपला? फॅरडेचा नियम गिझरला लागू होत नाही का?"

मी गणित तपासलंय, कुठे चूक दिसत नाही.

सेलहाऊस_निवृत्त

गणित बरोबर आहे आणि नियमही मोडलेला नाही. ३३० अँपिअर-तास मॅग्नेशियमने दिलेच. पण ते सगळे टाकीपर्यंत पोहोचले नाहीत.

मॅग्नेशियम स्वतःशीच भांडणारा धातू आहे. रॉडच्या एका बिंदूवर मॅग्नेशियम विरघळतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन बाजूच्याच बिंदूवर पाण्यातून हायड्रोजन सोडतात. हे इलेक्ट्रॉन तारेत शिरतच नाहीत. पाण्यातल्या मॅग्नेशियम ॲनोडचा साधारण निम्माच भाग उपयोगी प्रवाह देतो, असं धरून चालतात. म्हणजे ३३० चे १६५ अँपिअर-तास, १६,५०० तास, दोन वर्षांना थोडं कमी. अनिकेतभाईंच्या अनुभवाच्या जवळ येतंय बघा. मात्र हा योगायोगही असू शकतो, १० मिलिअँपिअर माझ्या मनाचे आहेत.

अनिकेतभाई, याच हायड्रोजनपायी एक सूचना. घर महिनाभर बंद राहिलं असेल तर आल्यावर पहिला गरम नळ उघडताना जवळ देवघरातला दिवा, उदबत्ती काही पेटतं ठेवू नका. गॅस साठलेला असू शकतो, जरा जाऊ द्या.

बुलेट_वाघोडिया

म्हणजे सरळ आहे. १.९३ व्होल्ट एवढा मोठा फरक आहे म्हणून रॉड भराभर जातो. जेवढा फरक जास्त तेवढा गंज जोरात. जस्ताचा रॉड लावला तर फरक ०.३२ च राहील, सहा पट टिकेल. हे पानावर लिहा.

मकरपुरा_प्लेटिंगवाली

मी जीआयडीसीत झिंक प्लेटिंगचं युनिट चालवते, त्यामुळे जस्ताचं नाव आलं की बोलावंच लागतं. आमचे बोल्ट पावसात महिनोन्‌महिने पडून असतात. चरा पडला तरी चऱ्यात तांबडा गंज लगेच येत नाही, आधी बाजूचं जस्त पांढरं पडतं. तेव्हा पोलादाला वाचवायला जस्त उत्तम, यात वाद नाही. मग गिझरवाले जस्ताचा रॉड का देत नाहीत, हे मलाही कळत नाही. मॅग्नेशियमपेक्षा जस्ताची शिस्त कितीतरी बरी, फुकट फारसं जात नाही.

सेलहाऊस_निवृत्त

दोघांना एकत्रच उत्तर देतो.

बुलेटभाऊ, फरक दिशा सांगतो, कोण मरणार आणि कोण वाचणार. किती वेगाने, हे प्रवाह सांगतो. आणि प्रवाह ठरतो पाणी किती वाहक आहे, उघडं पोलाद किती आहे, तिथपर्यंत ऑक्सिजन किती पोहोचतो आणि ॲनोडवर पापुद्रा कसला बसतो यावर. फरकावरच वेग ठरत असता तर ॲल्युमिनियमची कढई पहिल्या आमटीलाच विरघळली असती, त्याचं −१.६६ आहे, जस्ताच्याही कितीतरी खाली. पण त्याच्यावर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा असतो, म्हणून टिकते. मॅग्नेशियमवरही पापुद्रा बसतो, त्यामुळे नळाच्या पाण्यात ते टेबलमधल्या −२.३७ इतकं खाली कधी जातच नाही, बरंच वर राहतं. १.९३ हा आकडा गिझरमध्ये मीटर लावून मिळणार नाही.

म्हणूनच बोअरच्या पाण्यात रॉड लवकर जातो. क्षार जास्त, पाणी जास्त वाहक, तेवढाच फरक जास्त प्रवाह ढकलतो. आरओचं पाणी गिझरला दिलं तर प्रवाह इतका रोडावेल की रॉड शाबूत दिसेल, आणि लांबच्या कोपऱ्यातली भेग कदाचित उपाशी राहील.

आता ताई, जस्ताचं. थंड पाण्यात तुमचं शंभर टक्के खरं. पण साधारण ६० अंशांच्या वर काही पाण्यांत जस्त आणि लोखंडाच्या जागाच उलटतात. जस्तावर बसणारा पांढरा थर गरम पाण्यात घट्ट, चिकट आणि वीज वाहणारा होतो, त्याचं पोटेन्शियल वर चढतं आणि पोलाद ॲनोड होतं. म्हणजे ज्याला वाचवायला जस्त लावलं तेच मरतं. बायकार्बोनेट आणि नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात हे होतं, क्लोराइड आणि सल्फेट जास्त असले तर टळतं. गिझर साठ-सत्तरवरच चालतो, आणि कंपनीला कुठल्या गावचं पाणी मिळणार हे माहीत नसतं. त्यामुळे जस्ताचा भरवसा कोण धरेल?

मकरपुरा_प्लेटिंगवाली

हे उलटण्याचं ऐकलं नव्हतं. आमच्या एका गिऱ्हाइकाची गरम पाण्याची जीआय लाईन आतून भोकं पडून गेली होती आणि त्याने सगळा दोष कोटिंगवर ढकलला होता. आता जरा वेगळा विचार करावा लागेल.

पण काका, अनिकेतभाईंच्या रॉडबद्दल तुमचं मला पूर्ण पटत नाही. सगळं पाण्यावर नका टाकू. मॅग्नेशियममध्ये लोखंड, निकेल, तांबं यांची थोडी जरी भेसळ असली तरी ते आतल्या आत भराभर खातं. स्वस्त रॉडमध्ये कसला भंगार वितळवलेला असतो, देव जाणे. आमच्या बाथमध्ये एवढंसं तांबं आलं तरी डिपॉझिट काळं पडतं, त्यावरून सांगते.

सेलहाऊस_निवृत्त

नाही म्हणत नाही. तिसरी शक्यताही आहे, मुलामाच खराब असेल आणि उघडं पोलाद जास्त असेल. तिघांत दोषी कोण, हे रॉडच्या तारेकडे बघून सांगता येत नाही. प्रवाह मोजला तर थोडं कळेल. जास्त प्रवाह निघाला तर पाणी किंवा मुलामा, प्रवाह कमी असून रॉड गेला तर भेसळ.

शर्वरी_दांडियाबाजार

गंजाचा भाग लिहायला घेतला आणि परत एक खोच निघाली. पुस्तकात लोखंड गंजण्याच्या सेलचं १.६७ दिलंय, म्हणजे ऑक्सिजनचं १.२३ आणि लोखंडाचं −०.४४. पण ते १.२३ आम्लातलं आहे, हायड्रोजन आयन १ मोलर असतानाचं. पावसाच्या पाण्यात एवढं आम्ल कुठून येणार? भाच्याला मी दुसऱ्या ओळीत बसवून बघायला सांगितलं. चार इलेक्ट्रॉन, चार हायड्रोजन आयन, म्हणून वरखाली चार कटतात आणि पीएचच्या प्रत्येक अंकाला ०.०५९ कमी होतात. पीएच सात म्हणजे ०.४१ कमी, उरले ०.८२. लोखंडाचं तेच धरलं तर १.२६ व्होल्ट.

भाचा उड्या मारतोय की १.२६ शेवटी आलंच.

सेलहाऊस_निवृत्त

हा हा, येऊ दे. पण लोखंडाचं "तेच धरलं" म्हणालात, ते धरायचं नसतं. −०.४४ हे Fe²⁺ १ मोलर असतानाचं. पावसाच्या थेंबात ते हजार-लाख पटींनी कमी असतं, त्यामुळे लोखंड आणखी खाली जातं आणि फरक थोडा वाढतो. परीक्षेत १.६७ च लिहा, पुस्तकाशी भांडायचं नाही. मात्र हे १.६७ प्रमाण स्थितीचं आहे, एवढं पानाच्या कडेला असू द्या.

आणखी एक गोष्ट बारावीच्या मुलांना सांगतच नाहीत, गंज जिथे दिसतो तिथेच धातू खाल्ला जातो असं नाही. पत्र्यावर पाण्याचा थेंब पडला तर कडेला हवा लागते, मध्ये कमी. कडेचा भाग कॅथोड होतो आणि लोखंड विरघळतं मध्ये, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही. मधून निघालेलं Fe²⁺ बाहेर सरकतं, ऑक्सिजनला भेटतं आणि तांबडं कडं तयार होतं. खड्डा मध्ये, रंग कडेला. म्हणून वॉशरच्या खाली, मातीच्या थराखाली, रंगाच्या फुगवट्याखाली पत्रा सडतो आणि वरून चकचकीत दिसतो.

बुलेट_वाघोडिया

हे मात्र खरं. माझ्या बुलेटच्या मडगार्डला नंबरप्लेटच्या मागे भोक पडलंय. उघड्या भागाला काही नाही, आणि चिखल बसायचा तिथेच गेलं.

निझामपुरा_आजोबा

सगळं वाचलं. सेलहाऊसवाल्यांनी माझ्या बॅटरीचं सांगितलंच नाही.

सेलहाऊस_निवृत्त

आजोबा, सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. फॅरडेचा दुसरा नियम याच जोडणीवर मांडतात. एक सेल बसला की बाकी पाच चांगले असून उपयोग नाही, त्याच्या वाटेनेच सगळ्यांना जावं लागतं. पूर्वी डांबराच्या झाकणाच्या बॅटऱ्या यायच्या, त्या उघडून सेल बदलत. आता डबा एकजीव असतो, तो उघडून देणारा मिळाला तरी उघडू देऊ नका.

अनिकेत_मांजलपूर

नवीन रॉड उद्या बसवतोय, काढून टाकायचा नाही हे नक्की. एकच शेवटची शंका. पाणी गळू नये म्हणून प्लंबर रॉडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणार म्हणतो. टेप तर वीज वाहू देत नाही. मग इलेक्ट्रॉन रॉडमधून टाकीत जाणार कुठून?

मकरपुरा_प्लेटिंगवाली

बरोबर पकडलंत. आमच्याकडे हूक आणि जॉब यांच्यात रंगाचा कण जरी अडकला तरी त्या जॉबवर जस्त चढत नाही.

सेलहाऊस_निवृत्त

आटे कसून घट्ट झाले की बहुधा टेपला चिरून धातूला धातू लागतो. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे. मेन बंद करा, पाणी पूर्ण काढा, टेपचे फार वेढे न घेता रॉड बसवा आणि पाणी भरायच्या आधी मल्टिमीटर ओहमवर लावून एक टोक रॉडच्या षट्कोनी डोक्याला, दुसरं टाकीच्या उघड्या धातूला धरा. रंगावर धरू नका, खरवडून धरा. ओहमच्या आत आलं तर जोड आहे. काही ओहम दाखवत असेल तर काढा, टेप कमी करा, पुन्हा बसवा. पाणी भरल्यावर हे माप घेऊ नका, कारण तेव्हा मल्टिमीटर रॉड आणि टाकीचा सेलच मोजायला लागतो आणि आकडा नाचतो.

रॉडचं डोकं रबरी वॉशरवर बसत असेल आणि आटेच नसतील, तर जोडणीची वेगळी पट्टी किंवा वायर असते. प्लंबर नेमकी तीच परत लावायला विसरतात. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे?

अनिकेत_मांजलपूर

बघून सांगतो. प्लेट आत्ता बाल्कनीत पडलीये, आणि एक छोटी पितळी पट्टी स्क्रूसकट बाजूला ठेवलेली आठवतेय.